शतावरी आणि प्रोलॅक्टिन: दोन ट्रायल, दोन उत्तरं

प्रश्न: शतावरी कल्पाने खरंच हार्मोन वाढून दूध वाढतं का?

अजून ठाम सांगता येत नाही. मुळांमध्ये शतावरिन नावाची सॅपोनिन्स असतात, म्हणजे स्टिरॉइडसारखा सांगाडा आणि त्याला चिकटलेल्या साखरा. अंदाज असा की आतड्यातले जंतू त्या साखरा तोडतात आणि उरलेला भाग इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर हलकासा काम करतो, त्यातून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन जास्त सोडते. पण हे बहुतेक उंदरांवर आणि प्रयोगशाळेत बघितलेलं आहे, आणि सांगाडा स्टिरॉइडसारखा दिसला म्हणून तो हार्मोनचं काम करेलच असं अजिबात नाही.

बायकांवरचं बघा. १९९६ च्या भारतीय ट्रायलमध्ये ६४ आया होत्या, शतावरी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत प्रोलॅक्टिनमध्येही फरक नाही आणि बाळाच्या वजनातही नाही. २०११ च्या दुसऱ्या ट्रायलमध्ये ६० आया, तिथे मात्र शतावरी घेणाऱ्यांचं प्रोलॅक्टिन साधारण ३३ टक्के वाढलं, न घेणाऱ्या गटात जेमतेम १० टक्के. एवढ्या छोट्या आणि उलटसुलट आकड्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही, कारण बाळंतपणानंतर प्रोलॅक्टिन बाळाने ओढल्यावरच उसळतं, त्यामुळे तपासणीचं रक्त बाळाला दूध पाजण्याआधी घेतलं की नंतर यानेच आकडा बदलतो. दूध कमी वाटत असेल तर आधी बाळाचं वजन आणि लॅच, म्हणजे बाळ स्तन तोंडात नीट धरतंय का, ते डॉक्टरांना दाखवा, आणि ब्रेस्ट कॅन्सरची हिस्टरी असेल तर न विचारता शतावरी घेऊ नका.