सर्व्हेअरने खर्च कमी धरला, तर फेरतपासणी कशी मागायची?

प्रश्न: गाडीच्या दुरुस्तीचं गॅरेजचं एस्टिमेट ८० हजार आणि विमा कंपनी ५२ हजारच देतेय. काय करू?

उत्तर: नुकसान मोजायला कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेअरचा असेसमेंट रिपोर्ट लेखी मागा आणि एस्टिमेटशी ओळीनं ओळ ताडून बघा. २८ हजारांच्या फरकात भाग जुने झाल्याबद्दल कापलेला घसारा आणि तुम्ही भरायचा ठरलेला वाटाही असतो. समजा ते १२ हजार आणि पॉलिसीतल्या अटींप्रमाणेच कापलेत, तर त्यावर भांडण्यात अर्थ नाही. वाद उरलेल्या १६ हजारांचा. तिथे बहुधा भाग बदलण्याऐवजी ‘दुरुस्ती’ धरलेली सापडते, नाहीतर आतलं नुकसान धरलेलंच नसतं. हेडलाइटची काच शाबूत, पण मागचा क्लॅम्प तुटलेला, हे बंपर काढल्याशिवाय दिसत नाही. अशा भागांचे फोटो काढा, गॅरेजकडून पुरवणी एस्टिमेट घ्या आणि नेमक्या त्याच ओळींसाठी ईमेलनं फेरतपासणी मागा. ‘रक्कम फार कमी आहे’ एवढंच लिहिलंत तर उत्तरही तसंच मोघम येतं.

तपासणी होईपर्यंत नवा भाग बसवू नका, जुना भंगारात देऊ नका, पुरावा तोच. आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही नको, नंतर दाद मागणं फार अवघड जातं. नकार आला तर कारणं लेखी घेऊन कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा.