निवृत्तीआधीचे वर्ष आणि बायोडेटातील एक ओळ

गणवेशातील सेवेनंतर दुसरी नोकरी कशी शोधायची, हे निवृत्तीला वर्षभर असतानाच तुम्ही विचारलेत हे चांगले झाले, कारण प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, सेवेच्या नोंदी आणि वरिष्ठांची शिफारसपत्रे गणवेश अंगावर असताना जितकी सहज मिळतात, तितकी नंतर मिळत नाहीत. ती आधी गोळा करा.

मग बायोडेटाकडे वळा. बहुतेकांचा पहिला बायोडेटा म्हणजे हुद्दे आणि बदल्यांची यादी असते, आणि ती वाचून हा माणूस नेमके काय करत होता, हे मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही. ‘वाहन विभागाचा प्रभारी’ ही ओळ घ्या. तीच ‘40 वाहनांची देखभाल, सुट्या भागांचा साठा आणि 12 चालकांचे वेळापत्रक 6 वर्षे सांभाळले’ अशी लिहिली, की वाहतूक कंपनीला त्यात आपले काम दिसते. आकडे अर्थातच खरे हवेत आणि गोपनीय तपशील मुळीच नकोत. खेळातून निवृत्त होऊन नोकरी शोधणाऱ्या खेळाडूंनीही केवळ पदके न मोजता संघाचे नेतृत्व, नवोदितांचे प्रशिक्षण आणि दौऱ्यांचे नियोजन लिहावे.

तुमच्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या परिचिताला हा कागद वाचायला द्या आणि तुमचे काम त्याच्या शब्दांत सांगायला लावा. तो जिथे अडखळेल, ती ओळ पुन्हा लिहा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिलीच नोकरी घाईने स्वीकारणे. पगार पाहताना आजवर सेवेतून मिळणारे निवासस्थान, प्रवास आणि औषधोपचार यांपैकी जे पुढे मिळणार नाही, त्याचा खर्च आधी वजा करून पाहा.