सामाईक मूळ काढताना k = 2 कुठे हरवते?

प्रश्न: x² + kx + 2 = 0 आणि x² + 2x + k = 0 यांचे एक मूळ सामाईक आहे, तर k काढा. मी वजाबाकी केली, k = −3 आले. मैत्रिणीने सूत्र वापरले, तिला 2, 2 आणि −3 मिळाले. बरोबर कोण? आणि मुळे न काढता हे जमते तरी कसे?

उत्तर:

सामाईक मूळ α माना. α दोन्ही समीकरणांत बसते, म्हणून त्यांच्या वजाबाकीतही बसलेच पाहिजे, आणि वजाबाकीत x² नाहीसा होतो. उरते ते एवढेच:

(k − 2)α = k − 2

वर्गसमीकरण सोडवण्याची गरज येथेच संपते, कारण α आता एकघाती समीकरणात आहे. तुम्ही पुढच्या ओळीत दोन्ही बाजूंना k − 2 ने भागून α = 1 लिहिले असणार. येथे कोल्हापुरात मी अकरावीच्या वह्या तपासतो, तेव्हा या प्रकारच्या गणितात सर्वाधिक वेळा हीच ओळ लाल शाईने अधोरेखित करावी लागते, कारण k − 2 शून्य नाही हे आपल्याला अजून ठाऊक नसते. भागण्याऐवजी (k − 2)(α − 1) = 0 असे लिहा, म्हणजे दोन वाटा समोर दिसतील.

पहिली वाट α = 1 ची. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की 1 + k + 2 = 0, म्हणजे k = −3. ताळा मुळांच्या गुणाकाराने होतो. पहिल्या समीकरणात गुणाकार 2, म्हणून दुसरे मूळ 2, आणि बेरीज 3 = −k जुळते; दुसऱ्यात गुणाकार −3, म्हणून दुसरे मूळ −3, आणि बेरीज −2 जुळते. सामाईक मूळ 1 हे एकच आहे.

दुसरी वाट k = 2 ची. तेव्हा वजाबाकी 0 = 0 होते, म्हणजे α विषयी ती काहीच सांगत नाही. मूळ समीकरणांकडे पाहिले तर दोन्ही x² + 2x + 2 = 0 हेच झालेले दिसते. एकच समीकरण दोनदा लिहिलेले असल्याने दोन्ही मुळे सामाईक आहेत; मात्र विवेचक 4 − 8 = −4 असल्यामुळे ती वास्तव नाहीत.

म्हणून निर्णय प्रश्नाच्या शब्दांवर ठरतो. ‘एकच मूळ सामाईक’ किंवा ‘सामाईक वास्तव मूळ’ अशी अट असेल, तर k = −3 एवढेच उत्तर. ‘किमान एक’ असे म्हटले असेल आणि संमिश्र संख्या चालत असतील, तर k = 2 सुद्धा लिहावे लागेल. तुमच्या प्रश्नातील ‘एक मूळ’ हे शब्द मी ‘एकच’ असे वाचतो, पण k = 2 का वगळले हे उत्तरात एका वाक्याने सांगणे मला आवश्यक वाटते.

मैत्रिणीचे सूत्र हे याच कृतीचे सर्वसाधारण रूप आहे:

(c₁a₂ − c₂a₁)² = (a₁b₂ − a₂b₁)(b₁c₂ − b₂c₁)

येथे ते (2 − k)² = (2 − k)(k² − 4) होते, आणि सगळे एका बाजूला आणले की (k − 2)²(k + 3) = 0. दोन्ही मुळे सामाईक असतील अशी k ची किंमत या विस्तारात किमान दोनदा येतेच, म्हणून तिला 2 दोनदा मिळाले. याचे उलट मात्र नेहमी खरे नसते, तेव्हा दोनदा आलेली किंमत दिसली की ती मूळ समीकरणांत घालून पाहावी.

x² चे सहगुणक वेगळे असतील, तर आधी ते सारखे करून घ्यावे लागतात. x² − x − k = 0 आणि 2x² + x − 5k = 0 ही जोडी घ्या. पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की 3x − 3k = 0, म्हणजे x = k. हे पहिल्यात घातले की k² − 2k = 0. येथे k ने भागले तर फक्त 2 उरते आणि 0 हरवते. पण k = 0 घेतल्यावर समीकरणे x² − x = 0 आणि 2x² + x = 0 अशी वेगवेगळीच राहतात, आणि त्यांचे सामाईक मूळ 0 हे एकच आणि वास्तव आहे. तुमच्या गणितात हरवलेली किंमत अखेरीस वगळायची होती, या जोडीत मात्र 0 आणि 2 ही दोन्ही उत्तरे लिहावी लागतात.