क्लायंट गेला, पोलीस आले, तर ऑडिटची फाइल कुणाची?

प्रश्न : मी सांगलीत प्रॅक्टिस करणारा सीए आहे. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं 2021-22 चं ऑडिट मी केलं, रिपोर्टवर 5 सप्टेंबर 2022 ला सही केली. पुढे कंपनीने ऑडिटर बदलला. आता बँकेच्या तक्रारीवरून पोलिसांनी वर्किंग पेपर मागितले आहेत. संचालक म्हणतात, "आमच्या फाइली आम्हाला परत द्या." नव्या ऑडिटरनाही प्रती हव्या आहेत. फाइल काढून पाहिली तर स्टॉकच्या मोजणीला मी स्वतः गेलो होतो, त्याचा कागदच नाही. परमनंट आणि करंट, दोन्ही फाइली द्यायच्या का? राहिलेला कागद आता घालू का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीची उत्तरं वाया जातील. तो कागद घालू नका. मागची तारीख टाकून तर नकोच, पण आजची तारीख टाकूनही गुपचूप नको.

ऑडिटच्या कागदपत्रांचं मानक एसए 230 आणि तेव्हा लागू असलेलं गुणवत्ता नियंत्रणाचं मानक एसक्यूसी 1 एकत्र वाचलं, तर रिपोर्टच्या तारखेपासून साधारण 60 दिवसांत फाइल लावून बंद व्हायला हवी. तुमच्या बाबतीत ती मुदत 4 नोव्हेंबर 2022 ला संपली. त्या 60 दिवसांतही नवीन तपासणी करायची मोकळीक नसते. कच्चे कागद काढणं, क्रम लावणं, संदर्भ जोडणं आणि सहीच्या आधी मिळालेला पुरावा नोंदवून ठेवणं, एवढंच करता येतं. म्हणजे मोजणीची टीप तेव्हा लिहिली असती तर ती पूर्ण वैध ठरली असती. मुदतीनंतर मात्र जपणुकीचा काळ संपेपर्यंत फाइलमधलं काही काढता येत नाही. क्वचित भर घालावीच लागली, तर ती का घातली, केव्हा घातली, कुणी घातली आणि कुणी तपासली, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. पोलिसांची नोटीस हातात असताना घातलेला जुन्या तारखेचा कागद म्हणजे बनावट पुरावा तयार केल्याचा आरोप स्वतःहून ओढवून घेणं. कॉम्प्युटरवर टाइप केला, तर तो कधी तयार झाला हे फाइलच्या गुणधर्मांतच दिसतं.

मग मोजणी झालीच नाही असं धरायचं का? तसं नाही. ऑडिटरचं तोंडी स्पष्टीकरण एकटं पुरेसा आधार ठरत नाही, पण फाइलमध्ये जे आहे ते समजावून सांगायला ते चालतं, असं एसए 230 मानतं. म्हणून त्या वेळी तयार झालेले स्वतंत्र पुरावे शोधा. त्या दिवसाचं प्रवासाचं व्हाउचर, आर्टिकलची डायरी, गोदामात मोबाइलवर काढलेले फोटो, कंपनीला पाठवलेला ईमेल, कंपनीच्या मोजणीपत्रकावरची तुमची सही, यांतलं काहीतरी सापडतंच. सापडेल ते फाइलमध्ये न घालता वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. त्यावर आजच्या तारखेचं तुमचं निवेदन जोडा : हा कागद फाइलमध्ये नव्हता, अमुक ठिकाणी सापडला. कागद कमी असला तर त्याला उणीव म्हणता येईल, पण खोटा कागद सापडला तर तो गुन्हा आहे, आणि मग फाइलमधल्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता मालकी. वर्किंग पेपर ऑडिटरचे असतात. परीक्षेसाठी पाठ केलेलं हे छोटं उत्तर कोर्टातही टिकतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1953 साली चँट्रे मार्टिन खटल्यात हाच निकाल दिला होता. संचालकांना फाइल परत देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. काही उतारे द्यायचे की नाही, हा तुमचा निर्णय. पण फाइलच्या खिशात राहिलेले कंपनीचे मूळ कागद, म्हणजे खरेदीखत, मूळ बिलं, बँकेची मूळ पत्रं, हे तुमचे नाहीत. ते मालकाला यादीवर पोच घेऊन परत करायचेच असतात. मात्र तपास चालू असताना मूळ कागद परत करण्याआधी तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि स्कॅन करून ठेवा.

परमनंट आणि करंट फाइलमधला फरक इथे कामाला येतो. वर्षानुवर्षं लागणारे कागद परमनंटमध्ये असतात : घटनापत्र आणि नियमावली, दीर्घ मुदतीच्या कर्जाचं मंजुरीपत्र, भाडेकरार, कंपनीची कामाची रचना, अंतर्गत नियंत्रणाच्या टिपा. करंटमध्ये त्या एका वर्षाचे असतात : ऑडिट प्रोग्रॅम, स्टॉक आणि येणेकऱ्यांची खातरजमा, विचारलेल्या शंका आणि आलेली उत्तरं, व्यवस्थापनाचं लेखी निवेदन, शेवटचा निष्कर्ष. बँकेचा वाद स्टॉकवरून असला, तरी कर्जाचं मंजुरीपत्र आणि स्टॉक गहाण ठेवल्याच्या अटी परमनंटमध्येच असणार. त्यामुळे "करंट दिली, काम झालं" असं होणार नाही.

जपणुकीची मुदत मोजतानाही बऱ्याच जणांची इथेच चूक होते. एसक्यूसी 1 प्रमाणे रिपोर्टच्या तारखेपासून किमान 7 वर्षं फाइल ठेवायची, म्हणजे तुमची 2029 च्या सप्टेंबरपर्यंत. परमनंट फाइलमधलं मंजुरीपत्र समजा 2015 चं आहे. "हे तर दहा वर्षांपूर्वीचं" म्हणून ते फाडायचं नाही. 2022 च्या रिपोर्टसाठी तुम्ही त्याचा आधार घेतला असेल, तर माझ्या मते त्या कागदाची 7 वर्षंही त्याच रिपोर्टपासून मोजायला हवीत. आणि तपास चालू असेपर्यंत मुदत संपली तरी नष्ट करू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये म्हणून कागद नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली येतं.

पोलिसांचं म्हणाल, तर वकिलाला अशिलाच्या गुप्ततेचं जे कायदेशीर संरक्षण आहे ते सीएला नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत क्लायंटची माहिती संमतीविना उघड करणं गैरवर्तन ठरतं, पण कायद्याने आवश्यक असेल तर सूट आहे. म्हणून तोंडी मागणीवर फाइल हातात देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खालची लेखी नोटीस घ्या, त्यात कुठल्या वर्षाचे कुठले कागद हवेत ते नमूद करून मागा. शक्य असेल तिथे प्रमाणित प्रती द्या. मूळ फाइल जप्त होत असेल तर पंचनाम्यात पानांची संख्या लिहून घ्या आणि स्वतःकडे पूर्ण प्रत ठेवा. संगणकावरचे कागद देताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. दुसऱ्या क्लायंटचं एकही पान त्यात जाऊ देऊ नका.

नव्या ऑडिटरचा मुद्दा थोडक्यात संपतो. नेमणूक स्वीकारण्याआधी त्यांनी तुम्हाला लेखी पत्र पाठवायला हवं होतं आणि त्याला उत्तर देणं उचित, पण त्यातून तुमच्या फाइलवर त्यांचा हक्क निर्माण होत नाही. कंपनीची लेखी संमती आली तर हवे ते उतारे देता येतील. आली नाही, तर नम्रपणे नकार कळवा.

आज संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी करा : दोन्ही फाइलींच्या पानांना आहे त्याच क्रमाने क्रमांक घाला, आणि स्टॉकच्या कागदाची जागा रिकामीच ठेवून सगळं स्कॅन करा. पोलिसांना उत्तर लिहिण्याआधी तो स्कॅन आणि नोटीस घेऊन तुमच्या जवळच्या फौजदारी वकिलाला भेटा.