बायोतली वेळ: घड्याळ कुणाचं धरायचं?

मी सातपूरला राहतो, लोगो आणि पॅकेजिंगची डिझाइनं करतो. प्रोफाइलमध्ये ‘२४ तास उपलब्ध’ लिहिलं तर परदेशी क्लायंटला बरं वाटेल ना? मित्र म्हणतो, काढून टाक.

मित्राचं ऐका. एकटा माणूस चोवीस तास जागा राहत नाही हे क्लायंटलाही कळतं. त्यामुळे एकतर तो ते वाक्य वाचून सोडून देतो, नाहीतर खरं मानतो आणि पहाटे तीनला ‘आहात का?’ असा मेसेज टाकतो. दुसरं जास्त त्रासाचं.

त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. त्याच्या दिवसातल्या कोणत्या वेळी तुम्ही समोरासमोर बोलायला सापडाल, आणि एरवी मेसेज टाकला तर उत्तर कधीपर्यंत येईल. पहिलीचं उत्तर त्याच्या घड्याळात द्या. दुसरीचं तासांत द्या, आणि रविवार धरला आहे की नाही तेही सांगा. ‘लवकरात लवकर उत्तर देतो’ यातून त्याला काहीच कळत नाही.

मी नाशिकरोडहून व्हिडिओ एडिटिंग करते. एक क्लायंट म्युनिकचा, एक न्यू जर्सीचा. बायोत ‘दुपारी २ ते रात्री १०, IST’ असं लिहिलंय. तरी दोघेही दर वेळी विचारतात, ‘तुमची वेळ नक्की कोणती?’ काय चुकतंय?

तुमची वेळ बरोबर आहे, फक्त ती तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातली आहे. शिवाय IST ही तीन अक्षरं आपल्या एकट्याची नाहीत. आयर्लंड आणि इस्राएलमध्येही ती त्यांच्या त्यांच्या वेळेसाठी वापरतात. म्हणून लिहायचंच तर `UTC+5:30` लिहा. टाइम झोन यादीतून निवडायचा असेल तिथे `Asia/Kolkata` निवडा.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्या दोघांची घड्याळं वर्षातून दोनदा हलतात. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नाशिकरोडला उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. (इथे उन्हाळा-हिवाळा त्यांचा.) म्हणजे ‘रात्री १० पर्यंत’ म्हणताना तुम्ही न्यू जर्सीला उन्हाळ्यात साडेतीन तास देता आणि हिवाळ्यात अडीच. बायोत एक अक्षरही न बदलता त्यांच्या वाट्याचा एक तास गेला.

म्हणून आधी ठरवायचं की घड्याळ कुणाचं स्थिर ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे: बायोत क्लायंटचं घड्याळ स्थिर ठेवा आणि आपण तासभर सरका. ज्याच्या देशात घड्याळ बदलतं त्याला आपली सकाळची मीटिंग दहाची अकरा झालेली आवडत नाही. आपल्याला सरकणं सोपं जातं, कारण आपण ऑफिसात नसतो.

आता तुमचाच हिशेब करू. न्यू जर्सीसाठी हिवाळा अडचणीचा, म्हणून मापही हिवाळ्याचंच घ्यायचं: ‘न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी ९ ते ११:३०, वर्षभर’. हिवाळ्यात हे आपल्याकडचे ७:३० ते १० होतात, उन्हाळ्यात ६:३० ते ९. दहाच्या पुढे तुम्हाला कधीच बसावं लागत नाही.

म्युनिकची अडचण दुसऱ्या टोकाला. त्यांच्या उन्हाळ्यात तुमचे दुपारचे दोन म्हणजे तिथले साडेदहा, त्यामुळे सुरुवात साडेदहाच्या आधी नको. शेवट अडीचला ठेवावासा वाटेल: उन्हाळ्यात आपले २ ते ६, हिवाळ्यात ३ ते ७. न्यू जर्सी त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू, मध्ये चहा. कागदावर छान दिसतं, पण मार्चमध्ये फसतं. अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोप शेवटच्या. २०२६ मध्ये या तारखा ८ आणि २९ मार्च. मधले तीन आठवडे न्यू जर्सी उन्हाळ्याच्या वेळेवर, म्युनिक अजून हिवाळ्याच्या. म्युनिकचं काम सातपर्यंत चाललंय आणि साडेसहाला न्यू जर्सीही दारात. शरद ऋतूतही तेच, फक्त आठवडाभर: युरोप २५ ऑक्टोबरला मागे येतो, अमेरिका १ नोव्हेंबरला. म्हणून म्युनिकला १०:३० ते २:०० द्या. मग त्या विचित्र आठवड्यांतही एक साडेसहाला संपतं आणि दुसरं साडेसहाला सुरू होतं. चहा तेवढा आधी घ्या.

बायोत हे इंग्रजीत दोन ओळींत बसतं. आशय असा ठेवा: ‘नाशिक, भारत (UTC+5:30). थेट बोलण्यासाठी म्युनिकच्या वेळेने १०:३० ते १४:००, न्यूयॉर्कच्या वेळेने ९:०० ते ११:३०, सोमवार ते शुक्रवार. तुमचं घड्याळ बदललं तरी या वेळा बदलत नाहीत.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

आणि `EST` लिहू नका. ते फक्त हिवाळ्याच्या वेळेचं नाव आहे. जुलैमध्ये ‘सकाळी ९ EST’ लिहिलं तर काटेकोर माणूस ते तिथले दहा धरेल. `ET` लिहा, नाहीतर सरळ शहराचं नाव. शहर लिहिलं की कुणाचा गोंधळ होत नाही. शहराचा फायदा ऑस्ट्रेलियातही होतो: सिडनी घड्याळ बदलतं आणि ब्रिस्बेन बदलत नाही, दोन्ही पूर्व किनाऱ्यावर असूनही.

बायोत तुम्ही म्हणता तसंच लिहिलं होतं, शिकागोच्या वेळेने सकाळी ९. तरी नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मी संध्याकाळी साडेसातला कॉलवर बसलो आणि क्लायंट आलाच नाही. तो तासाभराने आला. चूक कोणाची?

कॅलेंडरमधल्या मीटिंगची. दर आठवड्याच्या मीटिंगचं आमंत्रण बहुधा तुम्ही पाठवलं असेल. कॅलेंडर त्या मालिकेला ज्या टाइम झोनमध्ये बांधतं, तिथली वेळ स्थिर राहते. तुम्ही ती भारतीय वेळेत तयार केलीत, म्हणून तुमच्याकडे साडेसातच राहिले आणि शिकागोच्या कॅलेंडरवर ती नवाची आठ झाली. क्लायंटने मात्र बायो प्रमाण मानला आणि नवालाच बसला. म्हणजे तुमचे साडेआठ.

उपाय सोपा. मीटिंग तयार करताना वेळेशेजारी टाइम झोन निवडायची सोय असते, तिथे शिकागो निवडा. किंवा क्लायंटलाच आमंत्रण पाठवायला सांगा. जुन्या मालिका एकदा उघडून पाहा. झोन भारताचा असेल तर मार्चमध्ये पुन्हा हेच होईल. बायो एक सांगतो आणि कॅलेंडर दुसरं, अशा वेळी लोक आपल्याला सोयीचं असेल ते खरं मानतात.

रियाधच्या एका कंपनीसाठी अरबी-इंग्रजी कॅटलॉगची मांडणी करतो. बायोत ‘सोमवार ते शनिवार’ आहे. ते रविवारी मेसेज पाठवतात आणि उत्तर नाही म्हणून नाराज होतात.

सौदीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. रविवार त्यांचा पहिला कामाचा दिवस, आपल्या सोमवारसारखा. तुम्ही शनिवारी बसता तेव्हा तिकडे कुणीच नसतं. शनिवार द्या आणि रविवारचे चार तास घ्या. घड्याळाची कटकट इथे नाही. आपण वर्षभर अडीच तास पुढे.

पंचवटीत राहते, वेबसाइटची कामं करते. वीज जाते, सणवार असतात, आता सिंहस्थही येतोय. हे सगळं बायोत लिहायचं का? लिहिलं तर क्लायंट घाबरेल अशी भीती वाटते.

अडचण लिहू नका, तुम्ही केलेली सोय लिहा. ‘वीज गेली तरी काम चालू राहतं, दुसरं इंटरनेट तयार असतं’ एवढं पुरे. पण लिहिण्याआधी खरं आहे का ते तपासा. राउटर इन्व्हर्टरवर घेतला म्हणजे नेट राहील असं नाही. बिल्डिंगमधल्या किंवा गल्लीतल्या खोक्याला बॅकअप नसेल तर तिकडूनच लाइन तुटते. पुढच्या वेळी वीज गेली की फायबरच्या डब्यावरचा `LOS` दिवा पाहा. तो लाल झाला तर तुमचं दुसरं इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. मग त्यावर एक व्हिडिओ कॉल घरच्या माणसाबरोबर करून बघा. स्क्रीन शेअर करताना तो टिकला तरच ते वाक्य बायोत जाऊ द्या.

सण कायमच्या बायोत नकोत. ‘दिवाळीची सुट्टी’ म्हणून परदेशातल्या माणसाला काही कळत नाही, कारण तारीख दर वर्षी बदलते. बायोच्या वर एक तात्पुरती ओळ ठेवा, तारखांसकट, आणि सुट्टी संपली की काढा. मे महिन्यातही गेल्या दिवाळीची ओळ तशीच दिसली तर बाकीच्या वेळांवर कोण विश्वास ठेवील?

सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. तुम्ही रामकुंडाजवळ असाल तर त्या दिवसांत रस्ते बंद, घरी पाहुणे आणि मोबाइल नेटवर्कवर गर्दी, हे धरूनच चाला. पर्वणीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी थेट कॉल ठेवू नका. ज्यांची साइट त्या आठवड्यात सुरू व्हायची आहे त्यांना जूनमध्येच सांगा. आणि हो, तुमचा हॉटस्पॉट नेमका त्याच दिवशी दगा देईल.

इंदिरानगरहून सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लायंटसाठी तांत्रिक लेखन करतो. वेळ जुळतच नाही, प्रत्येक शंकेला दोन दिवस जातात. बायोत ‘उत्तम संवाद’ लिहिलंय, पण तेवढ्याने काय होतं?

काहीच नाही. ते काढा आणि तुम्ही शंका कशी विचारता ते लिहा.

एक शंका घेऊन पाहा. तुम्ही सकाळी अकराला विचारलंत, ‘हा विभाग ठेवायचा का?’ उन्हाळ्यात तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. क्लायंट सकाळी नवाला वाचतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तो विचारतो, ‘कोणता विभाग?’ तुम्ही झोपलात. गेला दिवस. चूक अंतराची कमी, प्रश्नाच्या घडणीची जास्त.

तोच प्रश्न असा लिहा: ‘पान ४ वरचा इन्स्टॉलेशनचा विभाग पान ९ वर पुन्हा आलाय. पर्याय क: पान ९ वरचा काढतो. पर्याय ख: दोन्ही ठेवून पान ४ वरचा थोडक्यात करतो. तुमच्या दुपारी १२ पर्यंत काही कळवलं नाहीत तर क करतो. जुना मजकूर वेगळ्या फाइलमध्ये आहे.’ आता त्याने एक अक्षर टाकलं तरी काम पुढे जातं, आणि काहीच टाकलं नाही तरी जातं. ‘काही न कळवल्यास’ हे फक्त मागे फिरवता येईल अशाच गोष्टीला लावा. छापायला जाणारी फाइल, पैशांचा विषय, ग्राहकांना जाणारी ईमेल यांना होकाराची वाट बघायचीच.

डेडलाइनचंही बायोतच मिटवा. ‘शुक्रवार संध्याकाळ’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे पाच, आपल्याकडे शनिवारी पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तुम्हाला ते चालणार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर लिहा: ‘शुक्रवारचं काम तुमच्या शुक्रवारी सकाळी तुम्ही उठायच्या आधी मिळेल.’ आपली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे त्यांची शुक्रवारची पहाट, त्यामुळे तुम्ही संध्याकाळी सातला फाइल पाठवलीत तरी त्यांना ती सकाळच्या कॉफीआधी मिळालेली असते.