'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट'

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये 'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट' असं येतं. म्हणजे नेमकं काय करायचं, आणि उत्तर काय लिहायचं?

'रिव्हर्ट' म्हणजे इथे फक्त 'उत्तर कळवा'. भारतातल्या कार्यालयीन इंग्रजीत हा अर्थ पक्का रुळला आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस मात्र 'पूर्वस्थितीला नेणे' असा अर्थ घेतो. सॉफ्टवेअरच्या कामात हे महागात पडतं. "प्लीज चेक द चेंज अँड रिव्हर्ट" असं लिहिलं, तर पलीकडचा माणूस तुमचा बदल तपासेल आणि रद्दही करून टाकेल, कारण `git revert` ही आज्ञा तेच करते. तिथे साधं 'रिप्लाय' लिहावं. ('रिव्हर्ट बॅक'मधलं 'बॅक' तर कुठेच नको.)

'डू द नीडफुल' हे सरकारी मराठीतल्या 'योग्य ती कार्यवाही करावी'चं भावंड. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, आपल्याकडे टिकलं. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. ठरावीक, रोजचं काम असेल तर दोघांनाही कळतं. काम ठरलेलं नसेल, तर मात्र ते कोणतं हे ओळखायची जबाबदारी वाचणाऱ्यावर येऊन पडते.

समजा, पुरवठादाराने बिल जोडून हे वाक्य तुम्हाला, तुमच्या साहेबांना आणि लेखा विभागाला एकाच मेलमध्ये पाठवलं. माल मिळाल्याची खात्री तुम्ही करायची, मंजुरी साहेबांनी द्यायची, पैसे लेखा विभागाने सोडायचे. 'नीडफुल' तीन, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. आधी आपलं नाव कुठे आहे ते बघा. 'सीसी'त असेल तर मेल बहुधा माहितीसाठी आहे. 'टू'मध्ये असेल तर 'नोटेड' किंवा 'विल डू द नीडफुल' एवढंच लिहून सोडू नका. पुरवठादार त्याचा अर्थ 'पैसे निघाले' असा घेईल. त्यापेक्षा असं लिहा:

"बिल मिळालं. माल मिळाल्याची नोंद तपासून गुरुवारपर्यंत मंजुरीसाठी पाठवतो. मंजुरीनंतर पैसे लेखा विभाग सोडेल. डिलिव्हरी चलन जोडलेलं दिसत नाही, कृपया पाठवा."

यात कोण, काय, कधी हे तर आलंच, शिवाय त्यांच्याकडून काय हवं तेही आलं. इंग्रजीत लिहायचं असेल तरी मजकूर हाच ठेवा.

अपेक्षा अजिबात कळत नसेल, तर "नक्की काय करू?" असं मोघम विचारू नका, दुसरा मेलही तितकाच मोघम येतो. दोन पर्याय पुढे ठेवा: "बिल मंजूर करून हवं आहे, की फक्त रक्कम तपासायची आहे?" याला एका शब्दात उत्तर देता येतं.

आणि 'रिव्हर्ट' दोनदा करावं लागतं, हे बरेच जण विसरतात. पहिलं उत्तर मेल मिळाल्याचं. दुसरं काम झाल्यावर, त्याच मेलसाखळीत: "मंजूर करून लेखा विभागाकडे दिलं."