इंटरव्ह्यूनंतर पाच आठवडे कंपनी गप्प, विचारावं कसं?

*कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरसाठी इंटरव्ह्यू दिला. "कळवतो" म्हणाले, त्याला पाच आठवडे झाले. स्वतःहून विचारलं तर एचआर चिडेल का? मेल करू की फोन?*

चिडण्याचा विषयच नाही, विचारा. आधी मेल, आणि चार कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन.

पण पाच आठवड्यांची ही शांतता कसली असते ते आधी समजून घ्या, म्हणजे काय लिहायचं ते आपोआप कळेल. नकार ठरला असेल तर बहुतेक कंपन्या तो कळवतच नाहीत, हे खरं. पण बऱ्याचदा वेगळंच चालू असतं. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि तो जुन्या कंपनीत एक किंवा दोन महिन्यांचा नोटीस पिरियड काढत असतो. जुन्या कंपनीनं पगार वाढवला की तो तिथंच थांबतो. म्हणून तो प्रत्यक्ष हजर होईपर्यंत एचआर दुसऱ्या नंबरच्या माणसाला 'नाही' म्हणत नाही आणि 'हो'ही म्हणू शकत नाही. तुम्ही तो दुसरा नंबर असाल, तर एचआरला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते: हा माणूस अजून मोकळा आहे का, आणि किती दिवसांत येईल.

त्यामुळं "माझ्या अर्जाचं काय झालं?" असं विचारू नका. त्याला उत्तर द्यायचं तर एचआरला मॅनेजरकडं जावं लागतं, आणि तिथंच ते राहून जातं. एका ओळीत उत्तर देता येईल असं विचारा. नवा मेल न लिहिता, इंटरव्ह्यूचा कॉल ज्या मेलवर आला होता त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे तुमचा बायोडाटा, पद आणि तारीख शोधत बसावं लागत नाही. मराठीत लिहा की इंग्रजीत, मजकूर साधारण असा असू द्या:

> नमस्कार मॅडम, क्वालिटी इंजिनिअर पदासाठी ५ तारखेला प्लँटवर माझा इंटरव्ह्यू झाला होता. ही जागा अजून भरायची आहे का, एवढं कळवाल का? मला अजूनही इथं काम करायची इच्छा आहे. ऑफर मिळाल्यापासून ३० दिवसांत मी हजर होऊ शकतो. निर्णयाला वेळ असेल तर पुन्हा कधी विचारू तेही सांगा.

खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. ३० दिवस लिहिण्याआधी स्वतःच्या अपॉइंटमेंट लेटरमधला नोटीस पिरियड बघा. तिथं ६० असेल आणि इथं ३० लिहिलं, तर ऑफरच्या वेळी फसाल.

मेल कधी पाठवता त्यानंही फरक पडतो. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यात एचआर म्हणजे दोन-तीन माणसं, आणि हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय सगळं त्यांच्याच गळ्यात. पीएफ आणि ईएसआय भरायची मुदत दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते, त्यामुळं पहिल्या पंधरवड्यात तुमचा मेल खाली दबतो. १६ ते २५ या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास पाठवा. कंपनीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते तेही बघून घ्या, सगळीकडं रविवारच असतो असं नाही.

फोन ऑफिसच्या नंबरवर करा. इंटरव्ह्यू घेतलेल्या मॅनेजरच्या खासगी व्हॉट्सॲपवर नको. उत्तरातले शब्द नीट ऐका. "अप्रूव्हल बाकी आहे" म्हणजे जागा जिवंत आहे. "पोझिशन होल्डवर आहे" म्हणजे बहुधा कामच कमी झालंय, लवकर काही होणार नाही. "गरज लागली तर आम्हीच कळवू" हा नकार समजा. "प्रोसेसमध्ये आहे" याला काहीच अर्थ नाही, तिथं लगेच "मग पुढच्या महिन्यात वीस तारखेला विचारू का?" असं म्हणून तारीख ठरवून घ्या.

कोल्हापुरात ओळख निघतेच, कुणाचा तरी मेहुणा त्याच शॉपमध्ये असतो. त्याला वशिला लावायला सांगू नका, फक्त त्या जागेवर कुणी नवीन हजर झालंय का एवढंच विचारा. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर पहिली विचारणा कन्सल्टंटकडं.

दुसरी ऑफर नसताना "दुसरीकडून ऑफर आहे" असं सांगू नका. "मग घ्या ती" असं ऐकून घ्यावं लागतं. खरंच असेल तर कोणत्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय ते मेलमध्ये स्पष्ट लिहा.

एवढं करून उत्तर नाही आलं, तर तीन आठवड्यांनी शेवटचा मेल करा आणि दुसरीकडं अर्ज चालू ठेवा. मध्येच त्याच पदाची जाहिरात पुन्हा दिसली, तर पहिला माणूस आलाच नसण्याची दाट शक्यता असते. तेव्हा पोर्टलवर नव्यानं अर्ज टाकून दोनशे जणांच्या मागं उभं राहू नका, त्याच दिवशी जुन्या मेलवर रिप्लाय करा.